उलटं झालेलं सोयाबीन: पिवळ्या पानांच्या फोटोंच्या प्रकल्पाच्या नोंदी

४ ऑगस्ट, लातूर

महिनाभरात नऊ शेतांतून जमवलेले फोटो आज मोजले. सगळे मिळून ४१२. निरोगी १४८, लोहाची कमतरता १२१, पिवळा मोझॅक ८२ आणि नत्राची कमतरता ६१. एवढ्याशा फोटोंवर, सोयाबीन कशाने पिवळं पडलंय ते ओळखणारं मॉडेल शिकवायचं तर ऑगमेंटेशन लागणारच. म्हणजे आहे तोच फोटो फिरवून, कापून, रंग थोडा हलवून मॉडेलला पुन्हा पुन्हा नव्यासारखा दाखवायचा, आणि लेबल मात्र तेच ठेवायचं.

लेबल कशी लागली ते आधी लिहून ठेवतो. आपल्याकडच्या चुनखडीच्या काळ्या रानात, पाऊस लागून राहिला की सोयाबीन पिवळं पडतं. हे बहुतेक वेळा लोहाचं असतं. लोह झाडात एका पानातून दुसऱ्या पानाकडे फारसं जात नाही, म्हणून आधी शेंड्याची कोवळी पानं पिवळी होतात. शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा पडतो. नत्राचं उलटं आहे. झाड जुन्या पानांतलं नत्र काढून शेंड्याला देतं, म्हणून खालची पानं सरसकट फिकट पिवळी होतात. मोझॅक हा विषाणूचा रोग, त्यात शिरांचा हिशोब नसतो. पानभर पिवळेधमक वेडेवाकडे चट्टे विखुरलेले दिसतात.

शंका आली की कृषी सहायक ताई झाड उपटायच्या. मुळावरची एक गाठ नखाने फोडून माझ्यासमोर धरायच्या. आत गुलाबी निघाली की, "गाठी चालू आहेत, नत्र मिळतंय. हे लोहाचं लिहा." आत पांढुरकी निघाली किंवा गाठीच मोजक्या असल्या की नत्राचं. म्हणजे काही लेबलं मुळातून आली आहेत आणि फोटोत मूळ नाही. हे पुढे लक्षात ठेवायला हवं.

चाचणीसाठी दोन शेतं पूर्ण बाजूला काढली, ८४ फोटो. एका शेतातले फोटो दोन्हीकडे जाऊ दिले नाहीत. एकाच झाडाचे चार-चार फोटो आहेत, ते वाटले गेले तर मॉडेल रोग न ओळखता झाड ओळखेल.

६ ऑगस्ट

ऑगमेंटेशन न करता शिकवलं. ८४ पैकी ६६ बरोबर.

मग नेहमीचा संच लावला. फुलं, कुत्री, गाड्या यांच्या फोटोंवर लोक वापरतात तोच:

```python
transforms.RandomResizedCrop(224),
transforms.RandomHorizontalFlip(),
transforms.RandomVerticalFlip(),
transforms.RandomRotation(90),
transforms.ColorJitter(0.3, 0.3, 0.3, 0.1),
```

८४ पैकी ६१. वाढायचे सोडून कमी झाले. शिकतानाचा लॉस, म्हणजे मॉडेल किती चुकतंय त्याचा आकडा, तोही एका पातळीवर अडकून बसला, खाली येईना. मला वाटलं, मॉडेल लहान आहे, जास्त वेळ शिकवावं लागेल. रात्रभर चालू ठेवलं. सकाळी तेच.

७ ऑगस्ट

एकूण आकडा सोडून कुठे चुकतंय ते पाहिलं. चाचणीत लोहाचे २६ फोटो आहेत, त्यातल्या ९ फोटोंना मॉडेल नत्र म्हणतं. नत्राचे १४ आहेत, त्यातल्या ६ फोटोंना लोह म्हणतं. उरलेल्या चुका आठच, इकडेतिकडे पसरलेल्या. म्हणजे गोंधळ या दोघांतच आहे आणि दोन्ही बाजूंनी आहे. ऑगमेंटेशन नसताना एवढा नव्हता.

शेतकऱ्यासाठी ही अदलाबदल साधी नाही. लोहाला फेरस सल्फेटची फवारणी, नत्राला युरियाची. एकाच्या जागी दुसरं मारलं तर खर्च जातो, आठवडा जातो आणि रान पिवळं ते पिवळंच.

९ ऑगस्ट, मामांच्या शेतावर

रविवार म्हणून औशाकडे गेलो होतो. ओसरीवर लॅपटॉप उघडून ऑगमेंटेशननंतरचे फोटो एकाखाली एक लावून बघत होतो. हे काम पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. मॉडेलला आपण काय चारतोय ते कोड वाचून कळत नाही, डोळ्यांनी बघावं लागतं.

मामा मागे येऊन उभे राहिले. एका फोटोवर बोट ठेवून म्हणाले, "हे झाड उलटं कशाला दावायलास? कोवळं पान कोणतं अन् जुनं कोणतं, कळंना की."

तो लोहाच्या कमतरतेचा फोटो होता. मूळ फोटोत पिवळा शेंडा वर, हिरवी पानं खाली. `RandomVerticalFlip` ने तो उलटा केला होता आणि त्याच्याआधी क्रॉपने माती, खोड, आभाळ सगळं कापून टाकलं होतं. उरलं काय, तर वर हिरवी पानं आणि खाली पिवळी पानं. नत्राच्या कमतरतेचा फोटो असाच दिसतो. आणि त्यावर लेबल "लोह".

मी मामांना विचारलं, "मामा, हे कशाचं पिवळं म्हणाल?"

"खालून पिवळं पडायलंय. युरिया माग."

१० ऑगस्ट

माणूस तरीही शिरा बघून सांगू शकेल, मग मॉडेल का नाही? हे मोजून पाहिलं. फोनचा फोटो ३००० पिक्सेल रुंद आहे. त्यात पानाची मधली शीर साधारण ८ पिक्सेलची, बाजूच्या शिरा त्याहून बारीक. फोटो २२४ पर्यंत लहान केला की सगळं तेरा पटींहून जास्त आक्रसतं, म्हणजे मधली शीरसुद्धा अर्ध्या पिक्सेलच्या आसपास येते. हिरवी शीर आजूबाजूच्या पिवळ्यात विरघळून जाते. शिवाय कमतरता फार वाढली की खऱ्या पानावरच्या शिराही फिकट पडतात.

म्हणजे शिरांची खूण फोटो लहान करतानाच गेली. मॉडेलकडे लोह आणि नत्र वेगळं करायला एकच भक्कम खूण उरली, पिवळं वर आहे की खाली. आणि उभा फ्लिप नेमका तीच उलटवतो, तेही निम्म्या वेळा. आडवा फ्लिप उजव्या हाताचं डाव्या हाताला नेतो. सोयाबीनच्या झाडाला उजवं-डावं काही अर्थाचं नाही, त्यामुळे तो निर्धोक. `RandomRotation(90)` उणे ९० ते अधिक ९० अंशांत कुठेही फिरवतं. पूर्ण आडवं पडलेल्या झाडात वर-खाली हा प्रश्नच उरत नाही.

लॉस का अडकला तेही उलगडलं. जवळजवळ सारख्या दिसणाऱ्या चित्रांना मी कधी लोह म्हणत होतो, कधी नत्र. मॉडेल कितीही वेळ बसलं तरी त्यातून काय शिकणार? रात्रभर मशीन चालवण्याऐवजी वीस फोटो उघडून बघितले असते तर हे दहा मिनिटांत कळलं असतं.

११ ऑगस्ट

आज क्रॉप. `RandomResizedCrop` ला काही सांगितलं नाही तर ते फोटोच्या क्षेत्रफळाच्या ८ टक्क्यांपासून १०० टक्क्यांपर्यंत कितीही तुकडा घेतं. ८ टक्के क्षेत्र म्हणजे प्रत्येक बाजूने फोटोचा जेमतेम पावभाग. लोहाच्या फोटोत पिवळा शेंडा वरच्या पाव-तिसऱ्या हिश्शात असतो. खालचा तुकडा उचलला गेला की हातात येतं एक निरोगी हिरवं पान, लेबल "लोह". वरचा तुकडा आला की नुसतं पिवळं पान, पण ते झाडाच्या वरचं की खालचं हे सांगणारं काहीच नाही.

या दोन्हींत फरक आहे, तो नीट मांडतो. पहिल्यात लेबल खोटं ठरतं. दुसऱ्यात लेबल खोटं नाही, पण चित्रात त्याचा पुरावा उरत नाही. मॉडेलला दोन्ही घातक. दुसऱ्यामुळे ते पुरावा नसतानाही ठामपणे बोलायला शिकतं.

`scale=(0.8, 1.0)` केलं. ८० टक्के क्षेत्र ठेवलं तर शेंडा आणि बुडखा दोन्ही बहुतेक वेळा फोटोत राहतात. मोठ्या काळ्या चौकोनाने फोटोचा भाग झाकणारी पद्धत मी वापरणार होतो, ती याच कारणाने सोडली. मोझॅकच्या सुरुवातीला पिवळं एकच पान असतं. तेच झाकलं गेलं की झाड निरोगी.

१३ ऑगस्ट

रंगाचं काम. याला दोन दिवस दिले, कारण या प्रकल्पात रंगावरच सगळं चाललंय.

`ColorJitter` मधला शेवटचा आकडा ह्यूचा, म्हणजे रंगाच्या चक्रावर किती सरकायचं त्याचा. ०.१ दिसायला किरकोळ दिसतो. पण तो पूर्ण चक्राचा दशांश आहे. चक्र ३६० अंशांचं, म्हणजे ०.१ हे दोन्ही बाजूंना ३६ अंश. पिवळा ६० अंशांवर, शुद्ध हिरवा १२० वर. पानांचे रंग या दोघांच्या मधे खेळतात.

फोटो क्रमांक १३७ घेतला, लोहाचा. शेंड्याच्या पानावर वेगवेगळ्या जागी ह्यू मोजला, सरासरी ५८. त्याच झाडाच्या खालच्या निरोगी पानाचा ९६. मधला उंबरठा ७७ धरू. पिवळं पान १९ अंशांपेक्षा जास्त हिरव्याकडे सरकलं की ते निरोगीच्या बाजूला गेलं. उणे ३६ ते अधिक ३६ मधला कुठलाही आकडा सारख्याच शक्यतेने निवडला जातो, म्हणजे ७२ अंशांच्या पट्ट्यातले १७ अंश धोक्याचे. साधारण चार प्रतींतली एक. दुसऱ्या टोकाला तेवढ्याच वेळा उलटं होतं, निरोगी पान ६० वर येऊन पिवळं दिसतं आणि लेबल मात्र "निरोगी".

पूर्ण ३६ अंश सरकवून १३७ पडद्यावर लावला. शेंडा ५८ वरून ९४ वर गेला. खालच्या खऱ्या निरोगी पानाच्या ९६ शी ताडून पाहा, डोळ्याला फरक कळत नाही. खालची पानं त्याच वेळी निळसर हिरवी झाली होती. झाड सुरेख टवटवीत दिसत होतं.

(जो कोणी ह्यू स्वतः मोजणार असेल त्याच्यासाठी: ओपनसीव्ही ८ बिटांच्या फोटोत ह्यू ० ते १७९ मध्ये देतं, ३६० मध्ये नाही. तिथे ५८ अंश म्हणजे २९. मी पहिल्या संध्याकाळी हे विसरून पिवळ्याला नारिंगी समजत बसलो होतो.)

१५ ऑगस्ट

मग ह्यू पूर्ण बंद करायचा का? नाही. फोन बदलला, ऊन बदललं की रंग खरोखरच थोडा बदलतो आणि मॉडेलला तेवढं सोसता यायला हवं. किती ते अंदाजाने ठरवण्यापेक्षा मोजलं. झेंडावंदन आटोपून शेतावर गेलो. एकाच झाडाच्या एकाच पिवळ्या पानाचे दहा फोटो काढले: दोन फोन, सावलीत, उन्हात, ढग आल्यावर. ह्यू ५५ ते ६२ मध्ये राहिला. म्हणजे दोन्ही बाजूंना साडेतीन अंश. ०.०१ म्हणजे ३.६ अंश. तोच ठेवला. निसर्गात जेवढं सरकतं तेवढंच सरकवायचं.

उजेड मात्र बराच बदलतो, सकाळ आणि दुपार यांत तर खूप. ब्राइटनेस ०.२ ठेवला. पिवळं पान अंधारलं तरी पिवळंच राहतं. फार वाढवला तर उन्हातलं पान पांढरं फटक होतं आणि अतितीव्र लोह-कमतरतेसारखं दिसायला लागतं, म्हणून ०.३ नको. सॅच्युरेशन ०.१. ते खाली आणलं की हिरवं-पिवळं दोन्ही राखाडी होत जातात.

१८ ऑगस्ट

एक नवीन घोळ झाला, माझ्याच शहाणपणातून.

मोझॅकचे बहुतेक फोटो हातावर ठेवलेल्या एकेका पानाचे आहेत, झाडाचे नाहीत. पान तळहातावर कसंही ठेवलेलं असतं, त्यामुळे त्याला वर-खाली नाही. ते कितीही फिरवा, उलटवा, मोझॅक तो मोझॅकच. म्हणून मी दोन वाटा केल्या. एकेका पानाच्या फोटोंना पूर्ण फिरवणं आणि दोन्ही फ्लिप. पूर्ण झाडाच्या फोटोंना फक्त आडवा फ्लिप, फिरवणं नाही. विचार बरोबर वाटत होता.

शिकताना आकडे झपाट्याने सुधारले. चाचणीत मोझॅकचे १८ पैकी ७ बरोबर. आधीच्या वाईट संचातसुद्धा १५ होते!

फोटो फिरवला की कोपऱ्यांत काळे त्रिकोण येतात, कारण तिथे भरायला काही नसतं. माझ्या वाटणीमुळे काळे त्रिकोण जवळजवळ फक्त मोझॅकच्याच फोटोंना आले. मॉडेलने चट्टे बघण्याचे कष्ट सोडले आणि कोपरे बघायला शिकलं. चाचणीचे फोटो फिरवलेले नाहीत, कोपरे काळे नाहीत, म्हणून मोझॅक नाही. खात्री करायला एक निरोगी झाडाचा फोटो मुद्दाम ४० अंश फिरवून दिला. उत्तर आलं मोझॅक, आणि तेही ठामपणे.

इथे कुठल्याच फोटोचं लेबल चुकलेलं नव्हतं. एकेक फोटो तपासला असता तर सगळे बरोबर ठरले असते. बिघाड होता तो कोणत्या वर्गाला कोणता बदल मिळतो यात. म्हणून ठरवलं की सगळ्या वर्गांना एकच संच द्यायचा, सगळ्यांत नाजूक वर्गाला जेवढं सोसेल तेवढाच. फिरवणं सगळ्यांना सारखं १० अंशांपर्यंत. कोपरे भरायला काळ्याऐवजी फोटोच्याच कडेचं प्रतिबिंब. आणि मोझॅकची पूर्ण झाडं उभी टिपायची. ते काम ताईंनी दोन गावांत करून दिलं, ३४ नवीन फोटो, सगळे शिकवणीच्या शेतांतले.

२२ ऑगस्ट

ताईंची परीक्षा घेतली, किंवा खरं तर माझ्या संचाची त्यांनी घेतली.

८० फोटो छापले, एका पानावर आठ, लेबल नाही, क्रम पिसलेला. त्यातले ६० जुन्या संचाने बदललेले आणि २० अजिबात न बदललेले. न बदललेले घालणं गरजेचं होतं. माणूसही फोटोवरून चुकतो. ती चूक किती आहे हे कळल्याशिवाय बदलामुळे किती चुकलं ते सांगता येत नाही. ताईंना सांगितलं, कळत नसेल तर तसं लिहा, अंदाज करू नका.

न बदललेल्या २० पैकी १९ जुळले. बदललेल्या ६० पैकी ३८ जुळले, १३ वर त्यांनी दुसरंच लेबल लिहिलं आणि ९ वर "सांगता येत नाही". एका फोटोवर त्यांनी पेन्सिलने बाजूला लिहिलंय, "झाड छान आहे, खत काही नको." तो १३७ होता.

नंतर नवीन संचाचे ६० दिले. ५६ जुळले, एक वेगळं, तीनवर सांगता येत नाही. हे मला चालण्यासारखं वाटतं. न बदललेल्यांतही वीसात एक चुकतच होता.

२४ ऑगस्ट

आताचा संच:

```python
transforms.Pad(500, padding_mode="reflect"),
transforms.RandomRotation(10),
transforms.CenterCrop((4000, 3000)),
transforms.RandomResizedCrop(224, scale=(0.8, 1.0)),
transforms.RandomHorizontalFlip(),
transforms.ColorJitter(0.2, 0.2, 0.1, 0.01),
```

आधी प्रतिबिंबाने कडा वाढवायची, मग फिरवायचं, मग मूळ मापाला परत कापायचं. काळं काही उरत नाही. ४००० आणि ३००० हे माझ्या फोनच्या उभ्या फोटोचं माप आहे. दुसऱ्या फोनचे फोटो आधी याच मापाला आणून घेतो.

८४ पैकी ७१. लोहाला नत्र म्हणणं ९ वरून ३ वर आलं, नत्राला लोह म्हणणं ६ वरून २ वर. नत्राचे फोटो चाचणीत फक्त १४ आहेत, त्यामुळे दोन-चारच्या फरकावर मी फार भर देत नाही. लॉस मात्र आता अडकत नाही, आणि त्यावर माझा जास्त विश्वास बसलाय.

लोह-नत्राच्या गोंधळाचे उरलेले पाचही फोटो उघडून पाहिले. तीनमध्ये झाड वरून, उभ्याने खाली बघत टिपलंय, शेंडा सगळ्यात जवळ आणि खालची पानं झाकलेली. तिथे फ्लिप-क्रॉपचा दोष नाही, फोटो काढतानाच वर-खाली हरवलं. उरलेल्या दोनमध्ये ताईंनी मूळ पाहून लेबल दिलं होतं, पानांवरून त्यांनाही सांगता आलं नसतं. ते दोन फोटो चाचणीतून काढत नाही, फक्त बाजूला तशी नोंद केली.

२७ ऑगस्ट

मामांचा फोन. तीन-चार दिवस पावसाने उघडीप दिली, रानाला वापसा आला, "शेंडं हिरवं व्हायलंय की." लोहाचं पिवळेपण असं आपोआप निवळू शकतं, कारण पाणी हटून मुळांना हवा मिळते. त्याच झाडांचे फोटो पुन्हा घ्यायचे आहेत, पण निरोगी म्हणून नाही. नवीन पान हिरवं आणि त्याखालचं आधीचं पिवळं राहिलेलं, असं मधलं रूप आहे. हे माझ्या चारही खान्यांत बसत नाही, आणि वरून तिसरं-चौथं पान पिवळं दिसल्यामुळे मॉडेल त्याला नत्र म्हणेल असं मला वाटतं. यांना वेगळा खाना लागेल.

शनिवारी सकाळी ऊन चढायच्या आत जातो. फोन गुडघ्याच्या उंचीवर धरायचा, उभा, झाडाचा बुडखा आणि शेंडा दोन्ही चौकटीत. नत्राची झाडं कमी पडतात, म्हणून ताईंनी सांगितलेल्या दोन नव्या रानांतही जायचं आहे. उपटलेल्या प्रत्येक झाडाच्या फोडलेल्या गाठीचा वेगळा फोटो घेणार आहे.